रविवारी चार ते सहा

११ जानेवारी, रविवार

आज नर्सबाईंनी माझा मोबाइल काढून घेतला आणि म्हणाल्या, "बस इथं. तुझं प्रोफाइल करून टाकू."

नर्सबाई म्हणजे माझी खोलीतली जोडीदारीण. सर्जरीच्या वॉर्डात आहे. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी, पण हुकूम असा सोडते की बाई म्हणावंच लागतं. तिचं म्हणणं असं की मी हल्ली भिंतीशी बोलते. खोटं आहे. मी उजळणी मोठ्यानं करते, एवढंच.

ताईनं फोनवर तिचीच री ओढली. "सत्तावीस पूर्ण झाली तुला. पुस्तकं काही म्हातारपणी पाणी आणून देणार नाहीत." बाबांनी मला हा शेवटचा प्रयत्न दिलाय. तिसरा. मेमध्ये पूर्वपरीक्षा. ती निघाली तर ऑगस्टअखेर मुख्य. अशात प्रोफाइल? पण खरं सांगायचं तर मी फार ताणलं नाही. या वहीत तरी कबूल करायला हरकत नाही, परवा अभ्यासिकेत शेजारच्या मुलीला कुणीतरी डबा आणून दिला आणि मी तो उघडण्याचा आवाज ऐकत बराच वेळ एकाच पानावर होते.

पहिली अडचण फोटोंची. अ‍ॅपला चार लागतात, पहिल्यात चेहरा स्पष्ट हवा. माझ्याकडे गेल्या तीन वर्षांतले फोटो म्हणजे प्रवेशपत्राचे. पांढरी भिंत, कान दिसायला हवेत, हसायचं नाही. नर्सबाई म्हणाल्या, "हे लावलंस तर लोक लग्नाचं नाही, अटकेचं विचारतील." शेवटी खिडकीपाशी उभी करून तिनं नवे काढले. एकात मी खरंच हसलेय.

मग मजकूर. तिनं लिहिला: 'फिरायला, डोंगर चढायला, नवे पदार्थ चाखायला आवडतं.' मी म्हटलं, मी अभ्यासिकेचा जिना सोडला तर काही चढत नाही. मग मी लिहिला: 'सोमवार ते शनिवार उपलब्ध नाही. रविवारी चार ते सहा उपलब्ध.' ती पोट धरून हसली. "अगं, ही दवाखान्याची पाटी झाली! वेळ नाही हे सांग, पण कुणाला वेळ नाही तेही सांग की. वाचणाऱ्याला धरायला काहीतरी दांडी लागते."

बरीच खाडाखोड करून हे ठरलं:

'स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय. तिसरा प्रयत्न. मोकळी फक्त रविवारी चार ते सहा. मेसेजला उत्तर जेवताना देते, त्यामुळे तोंडात घास असू शकतो. नकाशे वाचायला आवडतात. न पाहिलेल्या नद्यांची वळणं पाठ आहेत. मे महिन्यात मी गायब होईन, ते आत्ताच सांगून ठेवते.'

अभ्यासिकेचं नाव मी घालणार होते. नर्सबाईंनी खोडलं. "येण्याजाण्याची वेळ आणि जागा अनोळखी माणसांना वाटायची नसते." 'काय शोधता?' या प्रश्नाला 'गंभीर नातं', 'गप्पा' आणि 'अजून ठरलं नाही' असे पर्याय होते. मी तिसरा निवडला. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, न सोडवलेल्याला नाही, ही सवय.

१७ जानेवारी, शनिवार

आवडल्याच्या खुणा बऱ्याच आल्या. बोलायला लागल्यावर एकेक नमुना. पहिला म्हणाला, "दोनच तास? मग आलीस कशाला?" दुसरा म्हणाला, "पास झाल्यावर कळवा." तिसरा फारच गोड बोलत होता, मला वाटलं जमतंय. तर त्याला माझ्या अर्थशास्त्राच्या नोट्स हव्या होत्या. तोही परीक्षेलाच बसलाय!

ताईला सांगितलं तर म्हणाली, "वेळेचं काढून टाक ना. भेटल्यावर हळूच सांग." नाही काढणार. आधी सांगून ठेवलं की नंतर कुणी बोट दाखवू शकत नाही. हिशेब स्वच्छ राहतो.

२० जानेवारी, मंगळवार

एकानं विचारलंय, "न पाहिलेल्यांपैकी सगळ्यात जास्त वळणारी नदी कुठली?"

बस, एवढंच. मी जेवता जेवता उत्तर लिहायला घेतलं आणि भाजी गार झाली. नदी वळते का, बाहेरचा काठ कसा झिजतो आणि आतल्या काठावर वाळू कशी साठते, सगळं लिहिलं. तो म्हणाला, "म्हणजे ती रोज थोडी सरकते. तुम्ही पाठ केलेलं वळण आता तिथं नसेलही." तीन वर्षं नद्या घोकतेय, हे माझ्या मनात आलं नव्हतं.

लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. प्रोफाइलमध्ये लिहिलंय: 'फोन वाजला की उठावं लागतं. राग मानू नये.' मी त्याचं नाव लिफ्टवाला ठेवलंय.

२५ जानेवारी, रविवार

भेटलो. बागेसमोरच्या चहाच्या टपरीवर, भर गर्दीत. नर्सबाईंना त्याचा फोटो आणि माझं लोकेशन पाठवून ठेवलं होतं. हा तिचा नियम. ती दर अर्ध्या तासानं 'जिवंत?' असं विचारत होती.

तो फोटोपेक्षा उंच आहे. नखांच्या कडांना ग्रीस. आल्या आल्या म्हणाला, "धुतलेत. जात नाही." मी म्हटलं, माझ्या बोटाची शाईही जात नाही. दोघांनी टेबलावर हात ठेवून पाहिले आणि मग एकदम काढून घेतले.

मी विचारलं, वीज गेली तर लिफ्ट कोसळते का? म्हणाला, सगळे हेच विचारतात. वीज गेली की ब्रेक आपोआप आवळला जातो. सोडायलाच वीज लागते, धरायला नाही. अडकलेल्या माणसांना खरा धोका दार उचकटून बाहेर उडी मारण्यात असतो. "ती सगळ्यात आधी विचारतात, किती वेळ लागेल. खोटं 'दोन मिनिटं' कधी सांगायचं नाही. पण खरा वेळ सांगून आपण गप्प बसलो तरी ती घाबरतात. मध्ये मध्ये हाक मारत राहावी लागते. काम तेवढंच होतं, पण आतल्याला धीर येतो."

मला पटलं. खरा वेळ आधीच सांगायचा, हेच तर मी केलंय.

सव्वापाचला त्याचा फोन वाजला. कुठंतरी चौथ्या आणि पाचव्या मजल्यामध्ये एक आजोबा अडकले होते. तो पळाला. अर्धा प्याला चहा उरला होता. मी थांबले सहापर्यंत. वेळ काढलेलाच होता ना.

१५ फेब्रुवारी, रविवार

चौथा रविवार. आता अहोजाहो गेलं. आज तो नकाशा घेऊन आला, रद्दीच्या दुकानातून आणलेला, घड्यांवर फाटलेला. आम्ही बाकावर पसरला. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यानं एका कोपऱ्यावर पाना ठेवला, दुसऱ्यावर मी हात ठेवला. त्यानं विचारलं, "पास झालीस तर यातलं कुठं टाकतील तुला?" मी म्हटलं, कुठंही. तो बराच वेळ नकाशाकडे बघत बसला. मग म्हणाला, "लिफ्टा सगळीकडे असतात म्हणा." मी हसले. विनोद चांगला करतो.

त्याच्या घरी आई आहे. तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि इमारतीला लिफ्ट नाही. "न्हाव्याचे केस वाढलेले असायचेच," म्हणाला.

१ मार्च, रविवार

सराव परीक्षेत गुण उतरले. कारण शोधलं तर इतिहास कच्चा राहिलाय. अभ्यासाचे तास तेवढेच आहेत, म्हणजे त्याचा काही संबंध नाही. फक्त गुरुवारपासून रविवार यायला फार वेळ लावतो.

२९ मार्च, रविवार

आज त्याला सांगितलं. पूर्वपरीक्षेपर्यंत भेटणं बंद, मेसेज बंद. प्रोफाइल लपवलंय, त्यात 'तात्पुरतं थांबवा' अशी सोय असते, म्हणजे नव्या कुणाला आपण दिसत नाही, जुन्या ओळखी तशाच राहतात. तसंही मला नवं कुणी बघायचं नव्हतं.

तो म्हणाला, "माहीत होतं. लिहिलंच होतंस." मग थोड्या वेळानं, "मी पाठवत राहिलो तर चालेल? तू वाचू नकोस. साठू देत."

"मग पाठवायचे कशाला?"

"माझ्यासाठी."

मी हो म्हटलं. घरी येऊन त्याचं संभाषण दिसणार नाही असं बाजूला सारलं आणि कपाटावर कागद चिकटवला: 'परीक्षेपर्यंत काहीही सांगू नये. घर पेटलं तरच.' नर्सबाई वाचून म्हणाल्या, "किती पेटलं तर? खोलीभर की स्वयंपाकघरापुरतं?" तिला सगळ्याची थट्टा.

निघताना त्यानं माझा हात धरला होता. नेहमीपेक्षा जास्त वेळ. सहा वाजून गेले होते आणि मी घड्याळ पाहिलं. का पाहिलं कोण जाणे. सवय.

१६ एप्रिल, गुरुवार

उजळणीची दुसरी फेरी संपली. प्रश्न वाचताना दोन पर्याय लगेच बाद करता येऊ लागलेत. उरलेल्या दोनांत जीव अडकतो. तिथं अंदाज मारायचा की सोडून द्यायचा, हे ठरवण्याचाच सराव चालू आहे.

चहाच्या टपरीवरून जायचं टाळते. मागच्या गल्लीनं जाते. लांब पडतं.

५ मे, मंगळवार

नर्सबाईंचं काहीतरी बिनसलंय. काल ड्यूटीवरून आली, जेवली नाही, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "तुझ्या लिफ्टवाल्याशी बोलतेस का अधूनमधून?" मी कपाटावरच्या कागदाकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, "पाच मिनिटं लागतात फोनला." मी म्हटलं, "पाच मिनिटं फोनला, तीन तास डोक्यातून जायला." ती उठली. जाता जाता म्हणाली, "ठीक आहे. तुझा नियम." वॉर्डात कामाचा ताण असेल. आज तिनं एक जादा डबा भरून नेला. कुणासाठी, विचारायला हवं होतं.

२४ मे, रविवार

झाली. सकाळी सामान्य अध्ययन, दुपारी बुद्धिमापन. शेवटची घंटा झाली तेव्हा मनात पहिला विचार आला, वाजले किती? चार. रविवार आणि चार. बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले आणि त्याचं संभाषण उघडलं.

२५ मे, सोमवार

काल पुढचं लिहवलं नाही.

सुरुवातीचे मेसेज हसवणारे होते. लिफ्टमध्ये अडकलेलं मांजर, सातव्या मजल्यावरून दिसणारा सूर्यास्त. 'तुझ्या नदीनं आज किती माती खाल्ली?' रोज एक. मग ३ मेचा: 'आई जिन्यात पडली. खुब्याचं हाड मोडलंय. दवाखान्यात आहोत. उत्तर नको.' ४ मे: 'उद्या ऑपरेशन. मी बाहेर बसलोय. उत्तर नको.' ५ मे: 'झालं. शुद्धीवर आली. एका नर्सनं मला फोटोवरून ओळखलं, डबा आणून दिला. तुझी खोलीतली मैत्रीण ना? तिला मीच म्हटलं, सांगू नका.' त्यानंतर रोज नाही. अधूनमधून. शेवटचा काल सकाळचा: 'आज शांतपणे लिही.'

नर्सबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी म्हटलं, "मला सांगायचं ना." ती वळली. "दोघांनीही बंदी घातली होती. मी कुणाचं ऐकायचं नाही?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "रात्रपाळीला बाकावर बसलेला असायचा. बाकीचे नातेवाईक फोनवर बोलत असतात. हा नुसता लिहायचा आणि ठेवून द्यायचा."

३१ मे, रविवार

भेटलो. वाळलाय. आई घरी आली आहे, वॉकर धरून चालते, पण जिना उतरता येत नाही.

मी माफी मागितली. तो म्हणाला, "तुझं काहीच चुकलं नाही."

"मग असा का बोलतोयस?"

"कसा?"

"दुकानदार बोलतो तसा."

तो हसला, पण हसू पोहोचलं नाही डोळ्यांपर्यंत. म्हणाला, "तू लिहिलं होतंस तसंच वागलीस. तुझ्या प्रोफाइलमधली एक ओळ खोटी नाही. तक्रार करायची म्हटलं तर जागाच नाही. फक्त मला वाटायचं, माणूस कधीतरी स्वतः लिहिलेल्याच्या बाहेर येतं."

मला हे नीट कळलं नाही. मी जे नाही ते लिहिलं असतं तर बरं झालं असतं का? त्याला विचारलं. तो म्हणाला, "नाही गं. तसं नाही," आणि माझ्या प्याल्यातली साय चमच्यानं काढून दिली. मला साय आवडत नाही, हे मी त्याला कधी सांगितलं ते आठवत नाही.

२० जून, शनिवार

पूर्वपरीक्षा निघाली! बाबांचा आवाज फोनवर फुटला. ताई ओरडली. लिफ्टवाल्याला कळवलं तर लगेच उत्तर, "मला माहीत होतं." आता मुख्य. ही लेखी, मोठमोठी उत्तरं लिहायची. रोज दोन प्रश्न घड्याळ लावून सोडवते. रविवारच्या दोन तासांचा आता एकच केलाय. त्यानं काही म्हटलं नाही.

९ जुलै, गुरुवार

तो जातोय. आईला तळमजल्याचं घर हवं, गावी त्यांचं जुनं घर आहे, बैठं. त्याच्या कंपनीची शाखा जवळच्या शहरात आहे, बदली मिळाली. शनिवारी सकाळी बस. मेसेजमध्ये गावचा पत्ताही आहे. शेवटी लिहिलंय, "शनिवारी तुझा मोठा सराव पेपर असतो, माहीत आहे. म्हणून आत्ताच निरोप घेतो."

११ जुलै, शनिवार

गेले नाही. पेपर तीन तासांचा होता आणि बस दहाची. दोन्ही एकाच वेळी. हा पेपर चुकला असता तर तपासणीची पाळी पुढे ढकलली गेली असती, आणि मग निबंध कच्चा राहिला असता, आणि मग. हे सगळं खरं आहे.

निबंधाला आजवरचे सगळ्यात जास्त गुण मिळाले. तपासणाऱ्या सरांनी समासात लिहिलंय, 'लेखनात ओढ आहे.'

२ ऑगस्ट, रविवार

चार वाजता उठून टपरीवर गेले. टपरीवाल्यानं न विचारता दोन चहा ठेवले. मी दोन्ही प्यायले. दुसऱ्यावर साय होती.

त्याला मेसेज लिहिला, पुसला. पुन्हा लिहिला. 'आई कशी आहे?' एवढाच गेला. उत्तर आलं, 'चालते. दारापर्यंत.' पूर्वी मी लगेच नदीबद्दल काहीतरी लिहिलं असतं; आता तो फार लांब वाटला.

३० ऑगस्ट, रविवार

शेवटचा पेपर संपला. चांगला गेला की नाही, सांगता येत नाही. पण एकही प्रश्न कोरा सोडला नाही. बाहेर सगळे प्रश्नपत्रिका घेऊन वाद घालत होते. मी चालत राहिले.

नर्सबाईंनी विचारलं, "आता काय करणार?" मी म्हटलं, झोपणार. ती म्हणाली, "आणि उद्या?" आयुष्यात पहिल्यांदा उद्या नावाची एवढी मोठी मोकळी जागा समोर होती आणि तिच्यात एकच माणूस उभा होता, पाठमोरा.

संध्याकाळी अ‍ॅप उघडलं. प्रोफाइल अजून थांबवलेलंच. खाली सूचना: 'पुन्हा सुरू करा, अनेक जण तुमची वाट पाहत आहेत.' काढून टाकलं. अ‍ॅपनं कारण विचारलं. पर्यायांत माझं कारण नव्हतं.

१ सप्टेंबर, मंगळवार

त्याच्या घरात बसून लिहितेय.

त्याला कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर त्यानं सोयीची वेळ विचारली असती. सकाळची बस धरली. वाटेत एक नदी आडवी आली. तिचं वळण मला पाठ होतं आणि पुलावरून पाहिलं तर खरंच वेगळं होतं. एका बाजूची दरड ताजी कोसळलेली. मी खिडकीतून वळून वळून पाहिलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काही पडलं का?"

दार त्याच्या आईनं उघडलं. वॉकरचे पाय आधी दिसले, मग ती. लहानशी, पांढरी वेणी, डोळे अगदी त्याचे. मी नाव सांगायच्या आत म्हणाली, "परीक्षेवाली ना तू?"

मी मान हलवली.

"झाली का परीक्षा?"

"झाली."

"चांगली गेली?"

"माहीत नाही."

"बरं. ये आत, चप्पल तिथं काढ." मग वॉकर हळूहळू वळवत म्हणाली, "तो कामावर गेलाय. कुठली तरी नवी इमारत आहे. तिन्हीसांजेपर्यंत येतो. कधी कधी होतो उशीर, कुणी अडकलेलं असलं की." ती थांबली. माझ्या पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुला परत जायची घाई नाही ना?"

तो मला बघून काय म्हणेल, मला ठाऊक नाही. दारातूनच परत पाठवेल असंही नाही, आणि जवळ घेईल असंही नाही. कदाचित त्याच्या आयुष्यात आता माझी जागा राहिलेली नसेल आणि तो ते मला फार हळू आवाजात सांगेल.

"नाही," मी म्हटलं.

तिनं भुईमुगाच्या शेंगांची परात माझ्यासमोर सरकवली. सोलून झाल्या. ती आत जाऊन पडली आहे. उन्हाची तिरीप उंबऱ्यावरून मागं सरकतेय. रस्त्यानं कुणाच्याही चपलांचा आवाज आला की मी मान वर करते.